‘रिफंडेबल’ म्हणाले की थांबा

‘शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न रेवदंड्यात मला इतक्यांनी विचारला, की एकदा सगळं नीट सांगून टाकावं म्हणतो. ज्यांनी लुबाडलं त्यांना कोणी काही विचारत नाही.

वाडीवरचा आमचा कुत्रा गेल्यावर लॅब्राडोरचं पिल्लू हवं होतं. एका वेबसाइटवर सापडलं. विकत नव्हे, दत्तक. मालकाची बदली झाली आहे, पिल्लू फुकट, फक्त वाहतुकीचे 2,800 रुपये. मी डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत. आधी व्हिडिओ मागितला, लसीकरणाचं कार्ड मागितलं. दोन्ही आलं.

पैसे गेल्यावर मालक बाजूला झाला आणि ‘कार्गो विभाग’ बोलू लागला. पिल्लू पुण्याच्या विमानतळावर पोहोचलंय, पण एसी पिंजरा लागेल, 9,500 रुपये, रिफंडेबल. ते भरले. मग विमा 14,000 रुपये, तोही रिफंडेबल, पिल्लू हातात पडताच परत. तेही भरले. फसवणुकीची सगळी कळ याच शब्दात आहे. पैसे परतच मिळणार असतील, तर माणूस खर्च मोजत नाही, उसने दिले असं समजतो. शिवाय आता थांबलो तर आधीचेही बुडतील, ही भीती असते. प्रत्येक नवी मागणी आधी भरलेल्या पैशांच्या जोरावर उभी राहते.

तिसरी मागणी आली, क्वारंटाइनचे 18,500. मी म्हटलं, ‘माझा भाचा पुण्यातच आहे. तासाभरात कार्गोच्या खिडकीवर येतो, रोख भरतो आणि पिल्लू घेऊन जातो.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग ‘सर, बाहेरच्या माणसाला परवानगी नाही.’ पिंजरा परत घ्या, विमा नको, पिल्लू तसंच द्या, असंही म्हणून पाहिलं. त्यावर आवाज चढला. पैसे भरले नाहीत तर प्राण्याला सोडून दिल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, म्हणे! इतका वेळ ‘सर, सर’ करणारा माणूस मलाच गुन्हेगार ठरवत होता. तिथे मला सगळं उमगलं. पिल्लू कुठेच नव्हतं. 26,300 रुपयांपेक्षा ती धमकी मला अजून जास्त झोंबते.

नंतर ते कार्ड अलिबागच्या आमच्या पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं: पिल्लू 45 दिवसांचं आणि कार्डावर रेबीजच्या लसीचं स्टिकर! ती लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. शिवाय 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा करा. कार्ड आलं की पैसे देण्याआधी ते ओळखीच्या पशुवैद्यांना दाखवा.

कुत्रा खरोखर कसा पाठवतात, हेही माहीत करून घ्या. रेल्वेने न्यायचा तर पार्सल ऑफिसमध्ये बुकिंग होतं, भाडं तिथेच भरून पावती मिळते आणि सोबत त्याच गाडीने माणूस जातो. विमानाच्या कार्गोचंही भाडं पाठवणारा बुकिंगच्या वेळी ठरवून भरतो. पिंजरा आणि पशुवैद्यांचं आरोग्य प्रमाणपत्र त्याआधीच तयार असावं लागतं. पिल्लू वाटेत अडकवून घेणाऱ्याकडून विम्याचे पैसे मागण्याची पद्धत कुठेच नाही.

पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव वाचा. मला दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव दिसलं, कंपनीचं एकदाही नाही. विचारलं तर ‘अकाउंटंट’ म्हणाले. पिल्लाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो दुसऱ्या नावाने दिसला तर विषय संपला. व्हिडिओ कॉलवर पिल्लाशेजारी तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवायला सांगा. आलेला व्हिडिओ पुरावा होत नाही, तो कुणाचाही असू शकतो.

हा धंदा जगभर चालतो. एप्रिल 2022 मध्ये खुद्द गूगलने कॅमेरूनमधल्या एका माणसावर अमेरिकेत दावा ठोकला, कारण तो बनावट साइटवरून बॅसेट हाउंडची पिल्लं विकत असल्याचं भासवत होता. तेव्हा आम्हाला भोळे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधीच ती गोठवता येते. त्यामुळे ‘अजून एक दिवस बघू’ म्हणू नका. चॅट पुसू नका, साइटचे स्क्रीनशॉट घ्या, कारण साइट लवकरच गायब होते. आणि ‘सायबर सेलकडून पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर तीही त्याच टोळीची पुढची मागणी समजा.

पिल्लू आपल्या हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पेण, पनवेल, पुणे, कुठेही असो, स्वतः जा. जो येऊ देत नाही, त्याच्याकडे पिल्लू नाही.