फॉगला ‘प्रामाणिक’ म्हणून थांबू नकोस

अगं, बारावीच्या इंग्रजीतल्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’वरची तुझी उत्तरं वाचली. फिलियस फॉग धाडसी, प्रामाणिक, वक्तशीर, दयाळू. चार विशेषणं, चार वाक्यं. आता फॉगच्या जागी शेरलॉक होम्सचं नाव घालून वाच बरं. काही बिघडतं का? नाही ना, मग ते फॉगचं व्यक्तिचित्रण कसलं!

उत्तराला जागा पन्नासेक शब्दांची. तेवढ्यात एकच गुण घे, पण प्रसंगासकट. काटेकोरपणाच घे. शेवटी पैज जिंकल्यावर हाती उरलेले हजार पौंड फॉग पास्पार्तू आणि फिक्सला वाटून देतो. फिक्सला, म्हणजे ज्याने त्याला लिव्हरपूलला अटक केली त्यालाच! पण पास्पार्तूच्या वाट्यातून खोलीतला गॅस 1920 तास जळत राहिल्याचे पैसे मात्र कापून घेतो. ऐंशी दिवसांचे बरोब्बर तेवढेच तास होतात. उदारपणा आणि काटेकोर हिशेब एकाच माणसात दिसले की परीक्षकाला फॉग भेटतो. दोन वाक्यांत प्रसंग, तिसऱ्यात त्यावरून त्याच्याविषयी काय कळतं ते. हे तिसरं वाक्यच मुली गाळतात आणि मग नुसतं कथानक उरतं.

‘थीम’च्या प्रश्नात तर ही चूक हमखास होते. अटक, सुटका, खास गाडी, लंडनला पाच मिनिटं उशीर, असं तू सगळं सांगत बसलीस. ते घडलं. त्यातून कादंबरी काय म्हणते, ते विचारलंय. ‘वेळ’ एवढा शब्द लिहूनही भागत नाही, तो नुसता विषय झाला. पूर्ण वाक्य कर: वेळ काटेकोर पाळणाऱ्या माणसाचीही मोजणी चुकते आणि त्याला माणसांची जोड तारते.

आता पुरावा शोध. पूर्वेकडे जाताना मिळालेला एक दिवस फॉगच्या हिशेबात धरलेलाच नसतो. हरलो असं समजून तो घरी बसतो. औदा लग्नाचं विचारते, पास्पार्तू पाद्रीबाबांकडे धावतो आणि उद्या सोमवार नसून रविवार आहे हे तिथे कळतं. लग्नाची गोष्ट निघाली नसती, तर पैज गेलीच होती! वीस हजार जिंकले, त्यातले एकोणीस हजार वाटेत संपले. कमाई म्हणजे औदा. थीम सिद्ध करायला एवढं पुष्कळ झालं.

प्रश्न पास्पार्तूवर आला तर ‘निष्ठावान नोकर’वर थांबू नकोस हं. फिक्स गुप्तहेर आहे हे त्याने मालकापासून लपवलं होतं, म्हणून अटकेनंतर तो स्वतःलाच दोष देतो. निष्ठेबरोबर ही चूकही लिही. आणि रविवारचा शोधही त्यालाच लागतो, तेव्हा तो प्रसंग दोन्ही प्रश्नांना चालेल. फक्त शेवटचं वाक्य वेगळं कर.