चिमणी कोणत्या वाऱ्यात डोलेल?

पोलादी चिमणीचा सर्वांत मोठा झोका बऱ्याचदा वादळात येत नाही. तो मध्यम, एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यात येतो, आणि तोही वाऱ्याला आडवा. गोल खांबामागे भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात आणि दरवेळी खांबाला आडवा झटका देतात. झटक्यांची लय चिमणीच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीशी जुळली की झोका वाढत जातो. ही लय कोणत्या वाऱ्यात जुळेल, हे आपल्याला काढायचं आहे.

सूत्र साधं आहे. १८७८ साली चेनेक स्ट्रौहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवर प्रयोग केले. त्यातून आलेला, एकक नसलेला अंक त्यांच्याच नावाने ओळखला जातो:

f = St × U / D

इथे f म्हणजे सेकंदाला किती वेळा भोवऱ्यांची डावी-उजवी जोडी सुटते, U वाऱ्याचा वेग आणि D बाहेरचा व्यास. गोल नळकांड्यासाठी St साधारण ०.२ धरतात.

समजा, बॉयलरची ४० मीटर उंच, सरळ चिमणी आहे. सुरुवात व्यासापासून करा. तो बाहेरून मोजा, वरून इन्सुलेशन आणि पत्रा चढवलेला असेल तर त्यासकट. वाऱ्याला आतला व्यास दिसत नाही. चिमणी निमुळती असेल तर वरच्या एक तृतीयांश भागाचा सरासरी व्यास घ्या, कारण डोलण्याचा जोर तिथेच असतो. आपल्या चिमणीचा व्यास १.६ मीटर धरू.

पुढे चिमणीची स्वतःची वारंवारता. उघड्या पोलादी नळीचं गणित केलं तर या मापाला सेकंदाला जवळजवळ १ हेलकावा येतो. पण शिडी, प्लॅटफॉर्म, इन्सुलेशन यांचं वजन आणि पायाचा थोडा लवचीकपणा धरला की आकडा खाली येतो. चिमणी उभी असेल तर गणितापेक्षा मोजणी बरी. दुर्बीण स्टँडवर पक्की करा, चिमणीचा माथा एखाद्या स्थिर कडेशी जुळवा आणि मिनिटभर हेलकावे मोजा. जाऊन परत आली की एक. ५१ भरले तर वारंवारता ०.८५.

आता सूत्र उलटं फिरवा. भोवऱ्यांची वारंवारता चिमणीइतकी कधी होईल?

U = f × D / St = ०.८५ × १.६ / ०.२ = ६.८ मीटर प्रतिसेकंद

म्हणजे ताशी साधारण २४ किलोमीटर. हा वेग चिमणीच्या माथ्याजवळचा आहे. मोकळ्या माळावर जमिनीपासून १० मीटरवरचा वेगमापक त्याच वेळी साधारण ५.७ दाखवेल. असा वारा वर्षात कितीतरी दिवस असतो, खरी अडचण तीच. तासभर टिकला तर तीन हजारांवर हेलकावे होतात, आणि बुडाशी असलेल्या वेल्डला तडे जाऊ शकतात किंवा बोल्ट ढिले पडू शकतात.

०.२ वर मात्र आंधळा विश्वास नको. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले हवेची गतिज श्यानता, इथे सुमारे ७ लाख येतो. गुळगुळीत नळकांड्यावर साधारण २ लाखांच्या पुढे भोवऱ्यांची शिस्त बिघडते आणि St सरकतो. म्हणून मी ०.१८ ते ०.२५ असा पट्टा घेऊन दोन्ही टोकं काढतो: ७.६ आणि ५.४. शिवाय चिमणी डोलायला लागली की भोवरे तिचीच लय पकडतात, आणि वाऱ्याचा वेग थोडा बदलला तरी ती सोडत नाहीत. एकच आकडा काढून ‘वारा नेमका ६.८ नसेल तर सुटलो’ म्हणणं चुकीचं.

पट्टा रोजच्या वाऱ्यात पडत असेल तर वरच्या एक तृतीयांश भागावर मळसूत्रासारख्या तीन पट्ट्या वेल्ड करतात. उंची व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, इथे १६ सेंटीमीटर, आणि एका वेढ्याची चाल व्यासाच्या पाचपट, म्हणजे ८ मीटर. त्यामुळे भोवरे सगळ्या उंचीवर एकाच वेळी सुटत नाहीत. पण वाऱ्याची सरळ ढकल वाढते, म्हणून वादळासाठी पाया पुन्हा तपासावा लागतो.

वीजवाहिनीच्या तारेला हाच हिशेब उलट बाजूने लावायचा. ४०० केव्हीच्या ‘मूस’ तारेचा व्यास ३१.७७ मिलिमीटर. ३ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात भोवऱ्यांची वारंवारता सुमारे १९ येते. ४०० मीटरच्या गाळ्यात, ३५ किलोन्यूटन ताणाखाली तारेच्या स्वतःच्या वारंवारता ०.१६५ च्या अंतराने येतात, त्यामुळे कोणत्याही वाऱ्याला जुळणारी एक सापडतेच. धोकादायक वेग शोधण्यात अर्थ नाही. त्याऐवजी कंपनाच्या एका फुगवट्याची लांबी काढा, इथे साडेतीन मीटर. कंपन शमवायला क्लॅम्पजवळ लावलेला डॅम्पर दोन फुगवट्यांमधल्या गाठीवर बसला तर हलतच नाही. म्हणून वाऱ्याच्या कमी-जास्त वेगांना येणाऱ्या लांब-आखूड फुगवट्यांपैकी कुठल्याच्याही गाठीवर तो पडणार नाही, इतका तो क्लॅम्पच्या जवळ बसवायचा.