अर्जाच्या निबंधाची पहिली ओळ आणि मथळा

बारावीनंतर परदेशी विद्यापीठाला किंवा आपल्याकडच्या खासगी विद्यापीठाला अर्ज करणारी मुलं हल्ली मांजरीतही कमी नाहीत. या अर्जात एक निबंध मागतात. पोरं गुण, प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं वेळेत गोळा करतात आणि निबंधाच्या पहिल्याच ओळीवर अडतात. मग बहुतेक जण एकच वाट धरतात. कुणा थोराचं वचन शोधायचं, अवतरणचिन्हांत टाकायचं आणि वर झोकदार मथळा द्यायचा. वचन घालावं का आणि मथळा कसा ठरवावा, याची कृती पुढे देतो. मांजरी बुद्रुकच्या एका मुलीचा निबंध उदाहरणाला घेतला आहे. तिला अर्थशास्त्र शिकायचं होतं. निबंध इंग्रजीत होता, इथे त्यातली वाक्यं मराठीत सांगतो.

लिहायला बसण्याआधी प्रश्न आणि जागा नीट बघून घ्या. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी चालणाऱ्या कॉमन ॲपवर मुख्य निबंधाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द लागतात. मथळ्यासाठी तिथे वेगळी जागा नाही. निबंधाच्या वर मथळा चिकटवलात, तर त्याचे शब्द त्याच ६५० मधून जातात. पदव्युत्तर अर्जाच्या उद्देशपत्रावर सहसा नाव आणि अभ्यासक्रम एवढंच लिहितात, तिथे ललित मथळा विचित्र दिसतो. प्रश्नातच एखादं वचन दिलेलं असेल आणि त्यावर तुमचं मत मागितलं असेल, किंवा आवडत्या पुस्तकातल्या ओळीपासून सुरुवात करा असं सांगितलं असेल, तर वाद मिटला. वचन आणावंच लागेल. बाकी सगळ्या ठिकाणी ते आणणं ही तुमची निवड असते आणि तिचा जाबही तुम्हालाच द्यावा लागतो.

आता मधला मजकूर लिहून काढा. सुरुवात लिहू नका. वरचा पाव कागद कोरा सोडा आणि जे घडलं तिथून चालू करा. अर्धं काम इथेच होतं, कारण पहिली ओळ शोधायला बसलेला माणूस वचनाकडेच वळतो. काय सांगायचं हे अजून त्याचंच ठरलेलं नसतं.

या मुलीने तसं केलं नव्हतं. तिचा पहिला खर्डा गांधीजींच्या नावावर फिरणाऱ्या, जगात हवा असलेला बदल आधी स्वतः व्हा अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होत होता. त्याखाली भारत हा कृषिप्रधान देश आहे, शेतकरी अन्नदाता आहे, असा एक परिच्छेद. तिसऱ्या परिच्छेदात मात्र एकदम मांजरीचा उपबाजार आला. तिथे शेतकरी स्वतः उभा राहून आपला माल विकतो. तिची आई मेथी घेऊन उभी होती. एका गिऱ्हाइकाने शेकड्याला नऊशे रुपये सांगितले, आईने नाही म्हटलं आणि तासाभराने तीच मेथी सहाशे रुपये शेकड्याने दिली. घरी आल्यावर मुलीने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढच्या बाजारापासून रोजचा भाव टिपायला लागली.

अशा खर्ड्यावर तीन तपासण्या करायच्या.

पहिली, वचन खोडून पुढचं वाचा. काहीच अडलं नाही, तर ते वचन शोभेचं होतं. इथे वचन गेलं, त्यामागचा कृषिप्रधान देशही गेला, तरी आईच्या मेथीचं काही बिघडलं नाही. उलट ती वर आली. पहिल्या खर्ड्यात खरी सुरुवात बहुधा अशीच दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात दबलेली सापडते, तेव्हा नवी ओळ रचण्याआधी आहे त्यातच खाली शोधा.

दुसरी तपासणी शब्द मोजण्याची. वचन, म्हणणाऱ्याचं नाव आणि हे वाक्य मला कसं भिडलं हा जोड, असं सगळं धरलं की साठ-सत्तर शब्द सहज होतात. साडेसहाशेतला जवळजवळ दहावा भाग दुसऱ्याच्या वाक्यावर आणि त्याच्या ओळखीवर गेला. अर्ज वाचणाऱ्याला गांधीजींना प्रवेश द्यायचा नसतो.

तिसरी तपासणी सगळ्यांत जास्त चुकते. ते वचन खरंच त्याच माणसाचं आहे का? हे गांधीजींचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य त्याच शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. आपल्या आत दडलेल्या सामर्थ्याची भीती वाटण्याबद्दलचा उतारा नेल्सन मंडेलांच्या नावावर फिरतो. तो मेरिअन विल्यमसन या लेखिकेच्या १९९२च्या पुस्तकातला आहे. दिवसाला ढीगभर निबंध वाचणाऱ्या माणसाला ही दोन्ही वाक्यं पाठ असतात आणि ती कुणाची नाहीत हेही बऱ्याचदा माहीत असतं. तुकोबांचा अभंग इंग्रजीत देणार असाल, तर भाषांतर कुणाचं ते सांगा. दिलीप चित्रे यांची भाषांतरं पुस्तकरूपाने आहेत, तिथून घेतलं तर नाव त्यांचं जायला हवं. स्वतः केलं असेल तर तसं लिहा. मूळ पुस्तक हातात नसेल तर वचन वापरू नका. सुविचारांच्या साइटवरून उचललेलं वाक्य हा पुरावा होत नाही.

या तिन्हींतून पार पडणारी वचनं थोडी असतात, पण असतात. तुम्ही त्या वाक्याशी भांडत असाल, निबंध त्याचं खंडन करत असेल, तर ते खोडल्यावर निबंध कोसळतो, म्हणून ते ठेवा. घरच्या माणसाचं बोलणं हा वेगळा प्रकार आहे. भाव पडल्यावर आई काय म्हणाली ते एका वाक्यात आलं, तर त्याला कुणी अवतरण म्हणून नाक मुरडणार नाही. ते दुसऱ्या कुणाच्याही निबंधात सापडणार नाही.

मराठी माणसाने परदेशी कॉलेजला लिहिलेलं एक जुनं अर्जपत्र या बाबतीत बघण्यासारखं आहे. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ला न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलं. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी आधी सरळ कबूल केलं. आपली परिस्थिती वेगळी आहे म्हणून सवलत मागितली. मग कारण सांगितलं: मित्र आणि जातभाई यांच्या विरोधाला न जुमानता त्या आल्या होत्या, कारण त्यांच्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करत होत्या. वजन आहे ते या शेवटच्या वस्तुस्थितीत. शेक्सपियरची ओळ तिच्यापुढे फिकी पडली असती. प्रवेश मिळाला आणि १८८६च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या.

मांजरीच्या मुलीने पहिली ओळ बदलली ती अशी: ‘आईने शेकड्याला नऊशे रुपये नाकारले आणि तासाभराने सहाशेला मेथी दिली.’ परदेशी वाचकासाठी दुसऱ्या वाक्यात शेकडा म्हणजे शंभर जुड्या, एवढं सांगितलं. तिसऱ्या वाक्यात वही आली. सत्तर शब्द वाचले, आणि निबंधात जी गोष्ट सगळ्यांत उणी होती तिला ते मिळाले: वहीतून तिला काय दिसलं. पावसाने आवक घटली की भाव चढत होता, पण त्याच पावसाने त्यांचीही मेथी सडत होती, त्यामुळे चढलेला भाव घरात येतच नव्हता. अर्थशास्त्र कशासाठी, याचं उत्तर इथे मिळतं. पहिल्या खर्ड्यात यावर एकच ओळ होती.

मथळा सगळ्यांत शेवटी. आधी ठरवला की निबंध त्याच्या मागे फरफटतो. निबंधात जी नामं पुन्हापुन्हा येतात, ज्यांना हात लावता येतो, ती कागदावर उतरवा. इथे ती होती मेथी, जुडी, शेकडा, भाव, वही, पाऊस. त्यांतून चार-पाच मथळे करा आणि एकेक बाद करत जा. तिच्या यादीत ‘शेतापासून अर्थशास्त्रापर्यंत माझा प्रवास’ हा होताच, तो सगळ्यांच्याच यादीत असतो. ‘प्रवास’, ‘स्वप्न’, ‘भरारी’ आणि ‘ध्यास’ दिसले की काट मारावी. ‘शेकडा’ हा तिला फार आवडला होता, पण बाहेरच्या वाचकाला त्यातून काही कळणार नाही. ‘मेथीचा भाव कोण ठरवतं?’ हा वाईट नव्हता. अडचण एवढीच की या प्रश्नाचं उत्तर निबंधात नव्हतं, आणि मथळ्याने मागितलेलं निबंधाने दिलं नाही तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. राहिला तो ‘मेथीच्या भावाची वही’. त्यात विषय आहे, वस्तू आहे आणि शेवट फोडलेला नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर निबंध न वाचलेल्या कुणाला तरी फक्त मथळा सांगा आणि आत काय असेल ते विचारा. अगदीच भलतं सांगितलं तर मथळा चुकला. सगळंच बरोबर सांगितलं तर मथळ्याने निबंध संपवून टाकला. ‘भाजीबाजाराबद्दल काहीतरी, पण वही कसली?’ असं उत्तर आलं की थांबा.

संशोधनाच्या प्रस्तावाचं गणित थोडं निराळं. मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी काम करायचं असेल, तर मथळा कुतूहल वाढवायला नसतो, हद्द आखायला असतो. ‘द्राक्षावरील रोगांचा अभ्यास’ या मथळ्यात आयुष्य जाईल. ‘फळछाटणीनंतरच्या पावसात थॉम्पसन सीडलेसवरील केवड्याचा अंदाज’ यात पीक, वाण, रोग, हंगाम आणि काम सगळं कळतं. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा मथळा ‘ऑब्स्टेट्रिक्स अमंग द आर्यन हिंदूज’ असा होता: कोणता विषय आणि कुणामधला. काळाप्रमाणे शब्द जुने झाले, बांधणी आजही चालते.

इंग्रजी मथळ्यात मुख्य शब्दांची पहिली अक्षरं मोठी ठेवा, शेवटी पूर्णविराम देऊ नका आणि स्वतःच्याच मथळ्याला अवतरणचिन्हं घालू नका. अधोरेखाही नको.

आणि मथळ्याला जागाच नसेल, तर तो देऊ नका. मांजरीच्या मुलीचा एक अर्ज कॉमन ॲपवर होता, तिथे तिने ‘मेथीच्या भावाची वही’ काढून टाकली आणि निबंध थेट नऊशे रुपयांपासून सुरू केला. मथळा नाही म्हणून तिथे अर्ज अडत नाही. ६५१वा शब्द मात्र ते पान घेत नाही.