नानांना औषध का दिलं नाही

हे बघ, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, डॉक्टरांनी हात टेकले गं", त्यावर आज जरा निवांत बोलू या. नाना ७१ वर्षांचे. रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही द्यायचं नाही, तीन महिन्यांनी रक्त तपासून या." तुम्हा सगळ्यांना वाटलं, वय झालंय म्हणून यांनी सोडून दिलं. मी इतकी वर्षं रक्तविकारांच्या विभागात काम करते आहे आणि हा गैरसमज मी कितीतरी घरांत पाहिला आहे. त्यापायी लोक दुसऱ्या, तिसऱ्या दवाखान्यात जातात आणि कुणीतरी औषध सुरू करेपर्यंत थांबत नाहीत. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून सांगते.

नानांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया आहे, आम्ही त्याला सीएलएल म्हणतो. पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यातल्याच एका बी-लिम्फोसाइटची हुबेहूब पिल्लावळ तयार होत राहते आणि या पेशी वेळेवर मरत नाहीत, म्हणून रक्तात, गाठींत, प्लीहेत साचत जातात. सिनेमात दाखवतात किंवा शेजारच्या मुलाला झाला होता, तो ल्युकेमिया वेगळा. त्यात अपक्व पेशी झपाट्याने वाढतात आणि काही आठवड्यांतच जिवावर बेततं, म्हणून तिथे उपचार लगेच सुरू करावे लागतात. सीएलएल बहुतेकांत वर्षानुवर्षं सावकाश चालतो. तो मुख्यतः उतारवयातच दिसतो आणि पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतो, जसा नानांचा मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीत सापडला.

तू पाठवलेला रिपोर्ट मी नीट वाचला. तू घाबरलीस ती पांढऱ्या पेशींच्या आकड्याला: २८,४००. त्यातल्या ८२ टक्के लिम्फोसाइट, म्हणजे साधारण २३,३००. पण माझी नजर आधी दुसऱ्या दोन ओळींवर गेली. हिमोग्लोबिन १३.१ आणि प्लेटलेट १,९६,०००. या दोन्हींवरून कळतं की हाडातला मगज अजून आपलं काम व्यवस्थित करतो आहे, त्या वाढलेल्या पेशींनी त्याची जागा बळकावलेली नाही. या आजारात नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे म्हणून उपचार सुरू करत नाहीत. लाखाच्या वर आकडा असलेली, रोज फिरायला जाणारी माणसं आमच्याकडे तपासणीला येतात.

निदान पक्कं आहे का, हेही तू विचारलंस. फ्लो सायटोमेट्री झाली आहे, त्यात सीडी-५, सीडी-१९ आणि सीडी-२३ या खुणा एकाच पेशींवर एकत्र सापडल्या आहेत. त्या सगळ्या पेशी एकाच वंशातल्या आहेत हेही दिसलंय. एवढं पुरतं. हाडातून मगज काढायची तपासणी या टप्प्यावर बहुतेकांना लागत नाही, त्रास नसताना सगळ्या अंगाचा सीटी स्कॅनही लागत नाही. "अजून एक टेस्ट करून घ्या" असं सांगणारा कुणी भेटला तर आधी विचारा, या तपासणीच्या उत्तराने आत्ताच्या निर्णयात काय बदल होणार आहे?

रिपोर्टखाली 'राय स्टेज १' लिहिलंय, त्यानेही तुम्ही हादरलात. मूळचे जोधपूरचे, अमेरिकेत काम केलेले डॉ. कांती राय यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली. नुसत्या लिम्फोसाइट वाढल्या असतील तर स्टेज शून्य. गाठी हाताला लागत असतील तर एक. प्लीहा किंवा यकृत वाढलं असेल तर दोन. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तीन आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर चार. नानांच्या मानेला दोन छोट्या गाठी आहेत, म्हणून एक. आकडा वाढला म्हणजे कॅन्सर एका अवयवातून दुसऱ्यात पसरला असा अर्थ इथे घ्यायचा नसतो, कारण रक्ताचा आजार पहिल्या दिवसापासून अंगभरच असतो.

आता तुझा खरा प्रश्न. लवकर सापडलाय तर लवकर मारून का टाकत नाहीत? स्तनाच्या गाठीचं, तोंडाच्या कॅन्सरचं आपण हेच ऐकत आलो, म्हणून तुझं म्हणणं मला पटतं. पण हाच प्रश्न डॉक्टरांनी प्रत्यक्ष रुग्णांवर अभ्यास करून तपासला आहे. फ्रान्समध्ये १९८० पासून सुरुवातीच्या टप्प्यातल्या सहाशेच्या वर रुग्णांचे दोन गट केले. एकाला क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या लगेच दिल्या, दुसऱ्याला आजार वाढेपर्यंत काहीच दिलं नाही. १९९८ साली निकाल छापला गेला. गोळ्या घेणाऱ्यांचा आजार पुढे सरकायला वेळ लागला, पण ती माणसं जास्त जगली नाहीत. आणि काहीच न घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार अकरा वर्षांहून जास्त काळानंतरही वाढलेला नव्हता, त्यांना उपचार लागलेच नव्हते. लगेच औषध दिलं असतं तर या निम्म्या लोकांनी विनाकारण सोसलं असतं.

तू म्हणशील, ते औषध जुनं झालं, आता नव्या गोळ्या आल्यात. बरोबर आहे, म्हणूनच जर्मनीच्या गटाने इब्रुटिनिब घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचारला. ज्यांचा आजार पुढे वाढण्याची शक्यता जास्त, अशांनाच निवडलं. गोळीने आजार दाबला गेला खरा, पण लवकर गोळी घेणारे आणि थांबणारे यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. उलट हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि रक्तस्राव हे त्रास गोळीवाल्यांना जास्त झाले. सत्तरीतल्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय हल्लीची औषधं सीएलएलला वर्षानुवर्षं काबूत ठेवतात, पण सहसा मुळापासून काढत नाहीत. आजार पुढे कधी औषधाला दाद देईनासा झाला तर पर्याय मोजकेच उरतात. म्हणून ती खरी गरज पडेल तेव्हासाठी राखून ठेवायची. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांना ती गरज आयुष्यभर पडत नाही.

मग थांबायचं म्हणजे नक्की काय करायचं? तुझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा मधुमेहाच्या तपासणीचा रिपोर्ट होता, तो पाठवलास ते फार बरं केलंस. तेव्हा पांढऱ्या पेशी १७,२०० होत्या, त्यात ७० टक्के लिम्फोसाइट, म्हणजे सुमारे १२,०००. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आजार तेव्हाही होता. १२,००० चे २३,३०० व्हायला दोन वर्षं लागली. लिम्फोसाइट दुप्पट व्हायला सहा महिन्यांहून कमी वेळ लागला तर आम्ही सावध होतो. तेही आकडा तीस हजारांच्या वर गेल्यावरच, कारण त्याच्या खाली साध्या सर्दीतापानेही तो वर-खाली होतो. म्हणून एक वही कर. तारीख, लिम्फोसाइट, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन, एवढे पाच रकाने. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, आणि सगळं स्थिर असेल तर पुढे डॉक्टर सांगतील तसं सहा महिन्यांनी. प्रत्येक खेपेला डॉक्टरांनी मान, काख, जांघ आणि पोट हाताने तपासायला हवं. नुसता रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून भागत नाही.

उपचार कधी सुरू करतात, तेही ऐकून ठेव. आजारामुळे हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट उतरत जाणं. प्लीहा किंवा गाठी खूप मोठ्या होणं, त्यांचा त्रास होणं. सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन घटणं, म्हणजे नानांच्या ६४ किलोंतले सहा-साडेसहा किलो. रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम महिनाभर येत राहणं. जंतुसंसर्ग नसताना दोन आठवडे ताप राहणं. रोजची कामं होईनात इतका थकवा येणं.

पण यातलं काही दिसलं की लगेच सीएलएलवर खापर फोडू नका. आपल्याकडे ताप, घाम आणि वजन घटणं म्हटलं की क्षयरोग आधी तपासायचा. हिमोग्लोबिन उतरलं तर लोह, बी-१२, मूळव्याधीतून रक्त जाणं हे बघायचं. या आजारात शरीर कधी कधी स्वतःच्याच लाल पेशी फोडतं. तेव्हा माणूस काही दिवसांत फिका पडतो, डोळे पिवळसर दिसतात, लघवी गडद होते, त्याचा इलाज वेगळा असतो. आणि एखादीच गाठ अचानक भराभर वाढायला लागली, सोबत ताप आला, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. क्वचित हा आजार रूप बदलून वेगाने वाढणारा होतो, आणि तो त्या गाठीचा तुकडा तपासूनच कळतो.

सध्या नानांना खरा धोका आहे तो जंतुसंसर्गाचा. लिम्फोसाइट संख्येने जास्त असल्या तरी त्या निकामी असतात, आणि रक्तातली प्रतिकारद्रव्यं कमी होत जातात. म्हणून फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमाने, आणि नागिणीची दोन डोसांची नवी लस, जिच्यात जिवंत विषाणू नसतो. जिवंत विषाणूंच्या लशी त्यांना द्यायच्या नाहीत. औषध सुरू होण्याआधी लशी जास्त चांगल्या लागू पडतात, तेव्हा हा थांबण्याचा काळ त्यासाठी वापरा. १०० च्या वर ताप आला तर घरी क्रोसिनवर दोन दिवस काढायचे नाहीत.

आणि एक कळकळीने सांगते. कुणी पांढऱ्या पेशी उतरवतो म्हणून पुड्या दिल्या तर घेऊ नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर गाठी आठ दिवसांत बसतात, सगळे खूश होतात, आणि नानांची साखर चढते, संसर्गाचा धोका वाढतो. पुढे रिपोर्टही फसवे येतात.

मोतीबिंदूचं म्हणशील तर या हिमोग्लोबिन-प्लेटलेटवर ती शस्त्रक्रिया अडत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त निदान सांगा. १७पी, टीपी-५३ आणि आयजीएचव्ही या जनुकीय तपासण्या पहिलं औषध निवडण्याआधी करायलाच हव्यात. आज केल्या तरी १७पी आणि टीपी-५३ तेव्हा पुन्हा कराव्या लागतील, कारण ते मधल्या काळात बदलू शकतात. म्हणून तो खर्च आत्ता करायचा का, हे डॉक्टरांना विचारा.

नानांपासून हे लपवू नका. त्यांना वही दाखव, दोन वर्षांचे आकडे त्यांच्याच हाताने लिहू दे. पुढच्या तारखेला रिपोर्ट आला की त्या पाच रकान्यांचा फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.