विवाहाची तारीख आणि उलट गणती : प्रत्येक कामासाठी राखीव अवधी कसा ठरवावा?

घरात विवाह ठरला की कामांची यादी तयार होते आणि आजपासून पुढे एकेक काम हातावेगळे करण्यास प्रारंभ होतो. या पद्धतीत एक उणीव राहते. कोणते काम केव्हा सुरू केले नाही तर ते वेळेत पूर्ण होणारच नाही, हे यादीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी गणना विवाहाच्या दिवसापासून मागे करीत यावी लागते. मोठ्या औद्योगिक प्रकल्पांच्या नियोजनासाठी ड्यू पाँट या अमेरिकी कंपनीत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जी पद्धत विकसित झाली, तिच्यातही ही उलट गणती हा एक मुख्य भाग आहे. घरच्या कार्यासाठी त्यातील तत्त्व तेवढे घेतले तरी पुरेसे होते.

तत्त्व असे की, प्रत्येक कामाच्या तीन तारखा काढाव्यात. पहिली, काम हातात पडलेच पाहिजे ती अखेरची तारीख. दुसरी, त्या आधी राखीव अवधी सोडून ठरवलेली लक्ष्य तारीख. तिसरी, लक्ष्य तारखेतून कामाला लागणारे दिवस वजा करून येणारी प्रारंभाची तारीख. राखीव अवधी किती असावा हे मात्र सर्व कामांना एकच माप लावून ठरवता येत नाही. विलंब कोणाकडून आणि कोणत्या कारणाने होऊ शकतो, यावर तो अवलंबून असतो.

उदाहरणादाखल बंगळुरू येथे स्थायिक असलेले एक मराठी कुटुंब घेऊ. कन्येचा विवाह भिन्नधर्मीय वराशी विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये व्हावयाचा आहे. विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह शुक्रवार, ५ फेब्रुवारी २०२७ रोजी आणि स्वागत समारंभ रविवार, ७ फेब्रुवारी रोजी योजिला आहे. सभागृह याच रविवारसाठी निश्चित झाले असल्याने ही तारीख पुढे सरकणार नाही, असे गृहीत धरू.

दोन्ही बाजूंनी बांधलेले काम : विवाहाची नोटीस

या विवाहातील सर्वांत नाजूक काम म्हणजे विवाह अधिकाऱ्याकडे द्यावयाची नोटीस. ती ज्या जिल्ह्यात द्यावयाची, तेथे वधू किंवा वर यांपैकी एकाचे नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत आक्षेप घेता येतो, आणि हा काळ संपल्याशिवाय विवाह लावता येत नाही. आक्षेप आलाच, तर त्यावर निर्णय देण्यासाठी अधिकाऱ्यास आणखी ३० दिवसांची मुदत असते.

याच्या दुसऱ्या बाजूकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती रद्द समजली जाते आणि सर्व प्रक्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते. म्हणजे येथे उशीर जसा बाधक आहे, तशी अति घाईही बाधक आहे.

आता ५ फेब्रुवारीपासून मागे येऊ. तीन महिन्यांची मर्यादा लक्षात घेता नोटीस ५ नोव्हेंबर २०२६ च्या आधी देऊन उपयोग नाही. ती ६ नोव्हेंबरला दिली, तर तिची मुदत ६ फेब्रुवारीच्या सुमारास संपेल आणि ऐनवेळी कोणी आजारी पडल्यास विवाह दोन दिवसही पुढे नेता येणार नाही. शिवाय ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन असल्याने तो आठवडा सुट्ट्यांचा आहे. उलटपक्षी, नोटीस ५ जानेवारीला दिली आणि ती प्रसिद्ध होण्यास तीन-चार दिवस लागले, तर ३० दिवसांचा काळ ५ फेब्रुवारीपर्यंत पूर्णच होणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये सोमवार, १६ नोव्हेंबर हा दिवस सोयीचा ठरतो. नोटीस २० नोव्हेंबरपर्यंत प्रसिद्ध झाली, तर आक्षेपाचा काळ २० डिसेंबरला संपेल. अगदी शेवटच्या दिवशी आक्षेप आला आणि त्याच्या चौकशीस पूर्ण ३० दिवस लागले, तरी १९ जानेवारीच्या सुमारास निर्णय होईल आणि विवाहापूर्वी दोन आठवड्यांहून अधिक काळ शिल्लक राहील. दुसऱ्या बाजूस नोटीस १६ फेब्रुवारीच्या सुमारापर्यंत वैध असल्याने विवाहानंतरही सुमारे अकरा दिवसांची सवड मिळते. राखीव अवधी असा दोन्हीकडे विभागून ठेवावा लागतो, हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

वर दुसऱ्या जिल्ह्याचा, समजा बेळगावचा, कायम रहिवासी असेल, तर नोटिशीची प्रत तेथील विवाह अधिकाऱ्याकडेही पाठवली जाते. अशा वेळी प्रसिद्धीसाठी चार दिवस धरणे पुरेसे नाही. १६ नोव्हेंबर हीच लक्ष्य तारीख पाळण्याचे ते आणखी एक कारण ठरते. मात्र आक्षेप मान्य होऊन प्रकरण अपिलात जिल्हा न्यायालयात गेले, तर कोणताही राखीव अवधी पुरेल असे सांगता येणार नाही. नियोजनाची ही मर्यादा आधीच ओळखून असावे.

ठरावीक दिवशी उघडणारे दार : पाहुण्यांचा प्रवास

सांगलीकडील नातलग राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आणि सोलापूरकडील उद्यान एक्सप्रेसने येणार आहेत. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस झाली आहे. शुक्रवार, ५ फेब्रुवारीला निघून शनिवारी पोहोचणाऱ्यांचे आरक्षण म्हणून ७ डिसेंबरला सुरू होते, आणि रविवारी रात्री परतणाऱ्यांचे ९ डिसेंबरला.

या कामात राखीव अवधी आरक्षणानंतर ठेवून लाभ नाही, कारण मागणीच्या गाड्यांत जागा पहिल्या काही दिवसांतच भरतात. तो आरक्षण सुरू होण्यापूर्वी ठेवावा लागतो. कोण येणार, किती जण, त्यांची वये काय, ही माहिती ३० नोव्हेंबरपर्यंत हाती असावी. त्यासाठी दूरध्वनीवरून तोंडी आमंत्रण १५ नोव्हेंबरपासून द्यावे. छापील पत्रिका जानेवारीत गेली तरी चालते. परंतु पत्रिकेसोबतच तारीख कळवण्याचा आग्रह धरल्यास पाहुण्यांच्या हाती प्रतीक्षा यादीतील तिकीट पडण्याची शक्यता वाढते.

एकामागून एक येणारी कामे : पैठणी आणि पोलके

काही कामे साखळीसारखी असतात. येवल्याच्या विणकराकडून पैठणी विणून घ्यावयाची असेल, आणि पोलक्याचे कापड त्याच साडीला जोडून येणार असेल, तर साडी हातात पडेपर्यंत शिंप्याचे काम सुरूच होत नाही. एका कडीचा विलंब पुढच्या कडीवर जसाच्या तसा उतरतो.

पोलके शनिवार, ३० जानेवारीला हातात हवे. एक आठवडा राखीव ठेवल्यास शिंप्यासाठीची तारीख २३ जानेवारी येते. त्यापूर्वी दुरुस्तीसाठी एक आठवडा, म्हणजे अंगावर घालून पाहण्याचा दिवस १६ जानेवारी. शिवणकामास तीन आठवडे धरल्यास कापड २६ डिसेंबरला शिंप्याकडे गेले पाहिजे. साडीला फॉल लावणे आणि पोलक्याचे कापड वेगळे करणे यांसाठी एक आठवडा धरला, तर साडी १९ डिसेंबरला घरी हवी. निवडलेल्या नक्षीसाठी विणकराने सहा आठवडे सांगितले असतील, तर ७ नोव्हेंबर ही तारीख येते. पण तीही दिवाळीत सापडते. हातमागावरील कामाचा नेमका काळ आधी सांगणे अवघड असल्याने येथे राखीव अवधी अधिक, म्हणजे दोन आठवड्यांचा धरावा आणि मागणी २४ ऑक्टोबरलाच नोंदवावी.

येथे दोन पथ्ये पाळावीत. पहिले, शिंप्याला ७ फेब्रुवारी ही स्वागत समारंभाची तारीख न सांगता २३ जानेवारी हीच देण्याची तारीख सांगावी. राखीव आठवडा कुटुंबाचा आहे. तो दुसऱ्याच्या हाती दिला की त्याच्या कामातच खर्ची पडतो. दुसरे, राखीव अवधीबरोबर निर्णयाची तारीखही ठरवावी. ५ डिसेंबरला विणकराकडे चौकशी करावी. साडी निम्मीही झाली नसेल, तर १९ डिसेंबरची वाट न पाहता तयार साडी घेण्याचे त्याच दिवशी ठरवावे. राखीव अवधी निम्म्याहून अधिक सरला आणि काम मात्र निम्मेही झाले नाही, ही धोक्याची स्पष्ट खूण होय.

पैशाची तारीख

वरील प्रत्येक टप्प्याला एक देणेही जोडलेले असते. समजा, भोजन व्यवस्थापकास २ लाख रुपये बुधवार, २७ जानेवारी रोजी द्यावयाचे आहेत आणि त्यासाठीची मुदत ठेव शनिवार, २३ जानेवारीला पूर्ण होते. कागदावर मध्ये चार दिवस दिसतात. प्रत्यक्षात २३ हा चौथा शनिवार, २४ रविवार आणि २६ प्रजासत्ताक दिन असल्याने बँकेचा कामकाजाचा एकच दिवस, २५ जानेवारी, हाती राहतो. तेव्हा पैशाचा राखीव अवधी दिनदर्शिकेच्या दिवसांत न मोजता कामकाजाच्या दिवसांत मोजावा आणि ठेवीची मुदत सोमवार, १८ जानेवारीला संपेल अशी ठेवावी.

एकूण ६ लाख रुपयांची एकच ठेव करण्याऐवजी २ लाखांच्या तीन ठेवी, प्रत्येक देण्याच्या आधी सुमारे आठवडाभर मुदत पूर्ण होणाऱ्या, असणे श्रेयस्कर. एखादे देणे अचानक अलीकडे आले, तर तेवढीच एक ठेव मुदतीपूर्वी मोडावी लागते आणि उरलेल्या दोहोंचे व्याज अबाधित राहते. मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले असतील, तर ठेव न मोडता तिच्या तारणावर कर्ज घेणे स्वस्त पडते का, याची शाखेत चौकशी करावी.

या सर्व तारखा एका कागदावर काढल्या की पहिले काम कोणते ते आपोआप दिसते. प्रस्तुत उदाहरणात ते वास्तव्याच्या पुराव्याचे आहे. १६ नोव्हेंबरच्या नोटिशीसाठी १६ ऑक्टोबरपासूनचे बंगळुरूतील वास्तव्य दाखवता आले पाहिजे. त्यानंतर २४ ऑक्टोबरला पैठणीची मागणी, १५ नोव्हेंबरपासून तोंडी आमंत्रणे, १६ नोव्हेंबरला नोटीस आणि ७ डिसेंबरला सकाळी आरक्षण, असा क्रम लागतो. ज्या पत्रिकेपासून बहुतेक घरांत तयारीस आरंभ होतो, ती या क्रमात पुष्कळ खाली येते.