न आवडलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाला जाताना



कचेरीत सकाळी निरोप येतो, "अमक्या ताईंचे वडील गेले." शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंबद्दल मन हळहळते. पण गेलेल्या माणसाचे नाव ऐकून आत काहीच हलत नाही, उलट जुनी सल वर येते. जायचे तर आहे. पण तिथे बोलायचे काय? "देवमाणूस होते" म्हणावे तर ते खोटे, आणि मनातले बोलावे तर तो जखमेवर घाव. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. दुःखितांचे सांत्वन करणे हेही दयेचे काम आहे. या दोन्हींची सांगड कशी घालायची, ते आज एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण

समजा, आपण माळशिरसमधील एका कचेरीत लेखनिक आहात. सहकारी ताईंचे वडील याच कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी मागितलेली दोन दिवसांची रजा त्यांनी चारचौघांत टोमणा मारून नाकारली होती. ते आपण विसरलेला नाहीत आणि ताईंनाही ते ठाऊक आहे. सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्या घरी जाता. ओसरीवर सतरंजी अंथरलेली आहे. पाहुणे येतात, बसतात आणि जो तो म्हणतो, "फार मोठ्या मनाचा माणूस गेला."

इथे पहिली चूक होते ती दुसऱ्यांचे शब्द उचलण्याची. ताईंना आपला आणि वडिलांचा इतिहास माहीत आहे. आपल्या तोंडून "मला तर वडिलांच्या जागी होते" असे निघाले, तर त्यांना ते पोकळ आहे हे लगेच कळते. त्या मान हलवतात, नजर दुसरीकडे वळवतात आणि बोलणे तिथेच थांबते. ही खूण ओळखावी. खोट्या स्तुतीने दुःख हलके होत नाही. उलट आपण उपचार म्हणून आलो आहोत, हे उघड होते.

आपण ताईंना भेटायला आलो आहोत, वडिलांवर निकाल द्यायला नाही. म्हणून पहिले वाक्य ताईंच्या दुःखाबद्दल असावे: "ताई, काल कळलं. तुमच्यासाठी फार वाईट वाटलं." हे शंभर टक्के खरे आहे. मग विचारावे, "शेवटी फार त्रास झाला का त्यांना?" आणि ऐकावे. ताई दवाखान्याची रात्र सांगतील, आईने अजून घास घेतला नाही हे सांगतील. ऐकताना आपल्याला कोणाचीही स्तुती करावी लागत नाही.

अवघड क्षण पुढे येतो. ताई डोळे पुसत म्हणतात, "दादा, बाबा कडक होते, पण मनाने चांगले होते ना?" आता होय म्हणणे खोटे आणि नाही म्हणणे क्रूर. अशा वेळी आपण डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगावी: "ताई, घरातले बाबा तुम्हीच जाणता. मी त्यांना कचेरीत पाहिलं. आवक-जावक नोंदवहीत मागच्या तारखेची एक ओळसुद्धा त्यांनी कोणाला घालू दिली नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही." ही गोष्ट खरी आहे आणि ताईंना ती जपून ठेवता येईल. सांगताना आवाजात टोमणा मात्र नको. "कडक म्हणजे कडकच हो!" अशी पुस्ती जोडली, की जुना हिशेब डोकावलाच.

आणि त्यांनी सरळच विचारले, "तुमचं तर त्यांच्याशी पटत नव्हतं ना?" तर नाकारू नये, उलगडतही बसू नये. "हो ताई, आमचे खटके उडायचे. पण आज मी तुमच्यासाठी आलोय." एवढे पुरे. ख्रिस्तसभेचा धर्मोपदेश खोटे बोलण्याची मुभा देत नाही. पण प्रत्येक सत्य प्रत्येकाला, कोणत्याही वेळी सांगितलेच पाहिजे असेही तो म्हणत नाही. रजेची गोष्ट त्या ओसरीवर सांगण्याची कोणालाही गरज नाही.

उठताना "काही लागलं तर सांगा" असे मोघम म्हणू नये. दुःखातला माणूस सहसा काही मागत नाही. "महिनाअखेरचं पगारपत्रक मी तयार करतो. दहावा होईपर्यंत तुमच्या टेबलाची काळजी नको," असे नेमके सांगावे आणि ते करावे. दहा-पंधरा मिनिटांची भेट पुरेशी आहे.

दोन दाखले

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दावीद शौल राजासाठी विलाप करतो. याच शौलाने त्याच्यावर भाला फेकला होता, रानोमाळ त्याचा पाठलाग केला होता. दावीद त्याचे शौर्य सांगतो आणि त्याच्यामुळे इस्राएलच्या स्त्रियांना उंची वस्त्रे व दागिने लाभले हे सांगतो. शौल आपल्याशी चांगला वागला, असे मात्र तो म्हणत नाही. भाल्याचाही उल्लेख करत नाही. 'माझा भाऊ' हा जिव्हाळ्याचा शब्द तो योनाथानासाठी राखून ठेवतो.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला. गोपाळ कृष्ण गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुण्यात निवर्तले. लोकमान्य टिळकांचे त्यांच्याशी अनेक वर्षांचे तीव्र मतभेद होते. 1907 मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा दोघे दोन बाजूंना होते. तरी टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ही वेळ टाळ्यांची नव्हे, असे त्यांनी बजावल्याचे सांगतात. गोखल्यांच्या देशकार्याचा त्यांनी मोठा गौरव केला. ते कष्ट टिळकांनी जवळून पाहिले होते, म्हणून तो गौरव खरा होता. पण त्यानंतर टिळकांनी आपला राजकीय मार्ग बदलला नाही. 1916 मध्ये त्यांनी होमरूल लीग उभारली.

जिथे सांगण्यासारखे काहीच नाही

काही वेळा गेलेल्या माणसाने खरोखरच मोठे नुकसान केलेले असते आणि शोधूनही चांगली आठवण सापडत नाही. तेव्हा मृताबद्दल काही बोलू नये. ताईंजवळ शांत बसणे हेही सांत्वनच आहे. शोकसभेत "दोन शब्द बोला" असा आग्रह झाला, तर "मी कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे" असे सांगून बसावे. घरच्यांनाही त्या माणसाचा त्रास झाला असेल, तरी "सुटलात" म्हणू नये. दुःख आणि सुटका दोन्ही एकाच मनात असू शकतात, आणि त्याबद्दल आधी बोलण्याचा हक्क त्यांचा आहे.

आपल्या अंत्यविधीच्या मिस्सामध्येही धर्मगुरूंनी लहानसे प्रवचन करावे, मृताचे गुणगान करू नये, असा नियम आहे. मृतासाठी प्रार्थना करायला तो चांगला होता असे सिद्ध करावे लागत नाही. रजा नाकारणाऱ्या त्या हेडक्लार्कसाठीही आपण एक 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणू शकतो, आणि त्यात एकही शब्द खोटा नसतो.

मननासाठी: पुढच्या वेळी अशा घरी जाण्यापूर्वी वाटेत स्वतःला विचारा, या माणसाबद्दल मी स्वतः पाहिलेली एक खरी, चांगली गोष्ट कोणती? सापडली तर ती सोबत न्या. नाही सापडली तर नुसते जा आणि ऐका.