दुरुस्त प्रकरणासोबतचे पत्र

प्रास्ताविक

टहरौली हे उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यातील तहसिलीचे गाव आहे. तेथील शाळेत शिकविणारी एक मराठी विद्यार्थिनी नोकरी सांभाळून मराठीच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी लघुप्रबंध लिहीत आहे, अशी कल्पना करा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ तिच्या अभ्यासाचा विषय आहे. कोकणातील वरसई गावचे गोडसे १८५७ साली अर्थार्जनासाठी उत्तरेकडे गेले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा दिला, तेव्हा ते त्याच शहरात होते. त्यांनी केलेले झाशीचे वर्णन हा लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा आशय आहे.

मार्गदर्शकांनी हे बावीस पानांचे प्रकरण वाचून चार शेरे लिहिले आणि ते परत पाठविले. विद्यार्थिनीने दुरुस्त्या केल्या. आता प्रकरण पुन्हा पाठवावयाचे आहे. मार्गदर्शकांनी सर्व पाने दुसऱ्यांदा वाचून, जुन्या प्रतीशी ताडून, बदल शोधून काढावेत अशी अपेक्षा करणे योग्य नाही. काय बदलले, कोठे बदलले आणि का बदलले, हे सोबतच्या पत्राने सांगावयाचे असते.

पत्राचा नमुना

टहरौली, जि. झाशी
दि. ५ ऑगस्ट

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

आपल्या २० जुलैच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त केलेले तिसरे प्रकरण सोबत पाठवीत आहे. एक प्रत स्वच्छ आहे. दुसऱ्या प्रतीत बदललेला मजकूर अधोरेखित केला आहे. प्रकरणाची पाने आता बावीसऐवजी एकवीस झाली आहेत. खालील पृष्ठांक नव्या प्रतीचे असून जुने पृष्ठांक कंसात दिले आहेत.

१. अवतरणे : पृ. ४ (४), ९ (८) व १५ (१४) वरील तीन अवतरणे १९०७ च्या आवृत्तीतून घेतली होती. ती १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ पाठाशी ताडली. पहिली दोन मूळ पाठाप्रमाणे बदलली. तिसरे वाक्य मूळ पाठात आढळले नाही; म्हणून ते आणि त्यावर आधारलेले माझे अनुमान, दोन्ही काढून टाकली.

२. आठवणींचे स्वरूप : गोडसे यांनी हे लेखन प्रसंगानंतर अनेक वर्षांनी, स्मरणावरून केले, हे स्पष्ट करणारा परिच्छेद पृ. ६ वर नव्याने घातला. यामुळे पुढील पृष्ठांक एकने वाढले आहेत.

३. राणीच्या मृत्यूची तारीख : पृ. १८ (१७) वर केवळ १८ जून १८५८ ही तारीख होती. काही साधनांत १७ जून अशी नोंद असल्याने आता दोन्ही तारखा दिल्या आहेत.

४. टहरौली परिसरातील ऐकीव आठवणी : (१९-२०) हा भाग गाळण्याची आपली सूचना होती. तो प्रकरणातून काढला आहे. मात्र पाचव्या प्रकरणात लोकस्मृती आणि लिखित आठवण यांची तुलना करताना त्याचा आधार लागेल, म्हणून परिशिष्टात ठेवला आहे. आपला निर्णय मान्य राहील.

आपल्या शेऱ्यांत नसलेली एक दुरुस्ती मी केली आहे. पृ. ३ (३) वर झाशी संस्थान खालसा झाल्याचे वर्ष १८५३ असे लिहिले होते. ते गंगाधरराव यांच्या निधनाचे वर्ष आहे. संस्थान १८५४ मध्ये खालसा झाले. हीच चूक आपण मान्य केलेल्या दुसऱ्या प्रकरणात पृ. ११ वरही आहे. आपल्या अनुमतीनंतर ती दुरुस्त करीन.

कळावे,
आपली विद्यार्थिनी,
अ. ब. क.

पत्राचे विवेचन

या पत्रात प्रत्येक शेऱ्याला वेगळे उत्तर आहे. ‘आपल्या सर्व सूचनांनुसार सुधारणा केल्या आहेत’ एवढेच वाक्य लिहिले असते, तर मार्गदर्शकांच्या हाती काहीच लागले नसते. पत्र पाठविण्यापूर्वी एक साधी पडताळणी करता येते. शेऱ्यांचे कागद समोर ठेवून ते मोजावेत आणि पत्रातील मुद्दे मोजावेत. संख्या जुळली नाही, तर एखादा शेरा निसटला आहे किंवा दोन शेरे एकात मिसळले आहेत, असे समजावे.

दोन्ही पृष्ठांक देण्याचे कारण पत्रातच दिसते. नवा परिच्छेद घातल्यावर पाने पुढे सरकली. मार्गदर्शकांजवळील शेऱ्यांवर जुने पृष्ठांक आहेत आणि हातात नवी प्रत आहे. एकच पृष्ठांक दिला, तर त्यांना जागा शोधीत बसावे लागते. म्हणून सर्व बदल पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी पृष्ठांक भरावेत.

पहिला मुद्दा विशेष पाहण्यासारखा आहे. तेथे अवतरण काढल्याचे सांगितलेच आहे, परंतु त्यावर उभे असलेले अनुमानही काढल्याचे नोंदविले आहे. पुरावा गेला आणि निष्कर्ष मागे राहिला, ही दुरुस्त प्रकरणांत नेहमी आढळणारी उणीव होय. चौथ्या मुद्द्यात सूचना पूर्णपणे स्वीकारलेली नाही. तसे सरळ सांगून कारण दिले आहे आणि निर्णय मार्गदर्शकांवर सोपविला आहे. तो भाग न सांगता परिशिष्टात ठेवला असता, तर पुढे तो लपविल्यासारखा वाटला असता.

शेवटचा परिच्छेद लिहिणे विद्यार्थिनीला सर्वांत अवघड गेले असेल. मान्य झालेल्या प्रकरणातील स्वतःची चूक तिने आपणहून दाखविली आहे. ती चूक गुपचूप सुधारली असती, तर मार्गदर्शकांनी मान्य केलेली प्रत आणि अंतिम प्रत यांत फरक पडला असता व तो कोणालाच कळला नसता.

असा न कळलेला फरक किती काळ टिकू शकतो, हे तिच्याच अभ्यासविषयावरून समजते. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तेव्हा गोडसे यांच्या हस्तलिखिताच्या भाषेत आणि मजकुरात फेरफार केले होते. वैद्यांमुळेच हे पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचले, हे खरे. परंतु केवळ ती आवृत्ती हाती असलेल्या वाचकाला कोणते वाक्य गोडसे यांचे आणि कोणते संपादकाचे, हे ओळखणे शक्य नव्हते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ पाठ १९६६ मध्ये छापला, तेव्हा ५९ वर्षांनी दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहता आले. विद्यार्थिनीचे तिसरे अवतरण याच कारणाने बाद झाले. बदलांची नोंद मजकुरासोबत राहिली नाही, तर पुढच्या अभ्यासकाचे अनुमानही ढासळते.

स्वाध्याय

१. पत्रात जुने आणि नवे असे दोन्ही पृष्ठांक का दिले आहेत?
२. तिसऱ्या अवतरणाबरोबर अनुमानही काढणे का आवश्यक होते?
३. मार्गदर्शकांनी परिशिष्टही गाळण्यास सांगितले, असे समजून विद्यार्थिनीचे पुढील पत्र लिहा. त्यात पाचव्या प्रकरणावर होणारा परिणाम नोंदवा.